दिवसाचे आठशे ठरवले, गेले पंधराशे चाळीस: आंब्याच्या हंगामात जाहिरातीचे पैसे महिनाभर पुरवायचे कसे

देवगड तालुक्यातल्या माझ्या मावसभावाची कातळावर हापूसची बाग आहे. दलालाकडे सगळा माल न घालता निम्म्या पेट्या तो पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पाठवतो आणि ती गिऱ्हाइकं मिळवायला गूगलवर जाहिरात करतो. पहिल्याच वर्षी १३ एप्रिलला सकाळी त्याचा फोन आला.

"अरे, जाहिरात बंद पडली मां! पैसे गेले खंय?"

गेले कुठेच नव्हते, खर्च झाले होते. त्याने २०,००० रुपये एकरकमी भरले होते. त्यातला जीएसटी वजा जाता जाहिरातीला साधारण १६,९५० उरले. दिवसाच्या बजेटच्या रकान्यात त्याने १,५०० टाकले होते, कारण "महिन्याचे पैसे भरलेत ना, मग महिनाभर चालणारच" असा त्याचा समज. गूगलला महिन्याचा बेत कुणी सांगितलाच नव्हता. रोज सरासरी चौदाशे जाऊन बारा दिवसांत खातं कोरडं झालं. खरं फळ उतरायला तेव्हा कुठे सुरुवात झाली होती.

पुढच्या हंगामात, म्हणजे एप्रिल २०२५ला, आम्ही दोघांनी बसून नीट आखणी केली. तोच महिना इथे पायरीपायरीने सांगतो. आकडे आमचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. होमस्टे असो की कोकम सरबत, हिशोबाची रीत तीच राहते.

आधी जीएसटी बाजूला काढा

गूगलच्या पडद्यावर बजेट म्हणून जो आकडा दिसतो त्यात जीएसटी धरलेला नसतो. तो १८ टक्के वेगळा. म्हणून खिशातल्या रकमेला आधी १.१८ने भागायचं. भावाकडे एप्रिलसाठी २१,२४० रुपये होते. भागून आले १८,०००. पुढचा सगळा हिशोब या अठरा हजारांचा. हे आधी केलं नाही, तर महिनाअखेरीला तीन-सव्वातीन हजारांचा खड्डा दिसतो आणि तो कशाने पडला हे शोधण्यात एक संध्याकाळ जाते.

दुसरी एक गोष्ट याच वेळी बघून घ्या. बजेट प्रत्येक कॅम्पेनचं वेगळं असतं. "हापूस पुणे" आणि "हापूस मुंबई" अशी दोन कॅम्पेन काढून दोन्हीत सहाशे-सहाशे टाकले, तर दिवसाचे बाराशे झाले. नवख्या माणसाचे पैसे लवकर संपण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात साधं कारण हेच. पैसे थोडे असतील तर एकच कॅम्पेन ठेवा आणि त्यातच दोन्ही शहरं घाला.

रोजचा आकडा ही सरासरी आहे

पडद्यावर त्या रकान्याचं नाव Average daily budget असं आहे. त्यातला पहिला शब्द लोक वाचत नाहीत. तुम्ही ६०० लिहिलेत म्हणजे गूगल रोज सहाशेलाच थांबेल असं नाही. ज्या दिवशी शोधणारे जास्त, त्या दिवशी ते जास्त खर्च करतं आणि मंद दिवशी कमी. यावर दोन बंधनं आहेत. एका दिवसात जास्तीत जास्त दुप्पट, म्हणजे १,२००. आणि एका महिन्यात जास्तीत जास्त ३०.४ पट, म्हणजे १८,२४०. हे ३०.४ आलं ३६५ भागिले १२ यातून. २०१७पूर्वी एका दिवसाची सूट वीस टक्क्यांपुरतीच होती. त्या वर्षी ती दुप्पट झाली, म्हणून जुन्या माहितीवर चालणारी माणसं अजून दचकतात.

दुप्पट खर्च होतो तो चूक म्हणून नव्हे. आंब्याचंच बघा. शनिवारी सकाळी पुण्यातला माणूस निवांत बसून "देवगड हापूस घरपोच" शोधतो, मंगळवारी दुपारी त्याला वेळ नसतो. रोज सहाशेलाच झाकण लावलं, तर शनिवारी अकरा वाजता जाहिरात बंद आणि मंगळवारी दोनशे रुपये पडून, असं होईल. म्हणून एखाद्या दिवशी जास्त गेले तर घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते हिशोब न ठेवता आकडा बदलण्याला, त्याकडे पुढे येतोच.

कधीकधी दुप्पटीच्याही वर चार पैसे गेलेले दिसतात. दाखवलेल्या जाहिरातींचा खर्च आणि तुमच्याकडून घेतलेले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा सहाशेच्या बजेटवर एका दिवशी १,२५० रुपयांचे क्लिक आले, तर बिल १,२००चंच लागतं. वरचे पन्नास गूगल सोडून देतं. अपवाद एकच: काही कॅम्पेनमध्ये क्लिकऐवजी ऑर्डर किंवा फोन आल्यावर पैसे द्यायची सोय असते, तिथे दुप्पटीची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

महिना फळाप्रमाणे तोडा

आता १८,००० भागिले ३०.४ केलं की ५९२ येतात. तेवढे टाकून गप्प बसलं तरी चालेल, महिना पुरेल. पण बाग रोज सारखं फळ देत नाही. २०२५ला अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी. सणासाठी मागणी चढत जाणार हे ठरलेलं. भाऊ म्हणाला, "मग शेवटच्या चार दिवसांत सगळे पैसे ओतू या."

इथे मी त्याला थांबवलं. फळ झेल्याने काढलं, पेटीत भरलं, गाडीत चढवलं आणि पुण्यात गिऱ्हाइकाच्या दारात पोचलं, यात दोन-तीन दिवस जातात. शिवाय हिरवं फळ आढीत पिकायला आमच्याकडे साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे २८ तारखेला "अक्षय्य तृतीयेला आंबे" शोधणाऱ्या माणसाच्या क्लिकचे पैसे आपण देणार आणि त्याला सांगणार की दादा, सणाला मिळणार नाहीत. ज्या दिवशी शोध सर्वात जास्त असतात, तो आपल्या कामाचा दिवस असेलच असं नाही. आपला जोर सण सोडून त्याच्या आधीच्या दहा-बारा दिवसांवर हवा.

तसा बेत केला. १ एप्रिलला मंगळवार होता, म्हणून आठवडा मंगळवार ते सोमवार धरला:

१ ते ७ तारीख, पहिली तोड हातात नाही, नुसतं नाव लोकांपुढे राहावं म्हणून: रोज ३५०, एकूण २,४५०.
८ ते १४: रोज ५००, एकूण ३,५००.
१५ ते २१: रोज ८००, एकूण ५,६००.
२२ ते २६, सणाच्या ऑर्डरचे शेवटचे दिवस: रोज ९००, एकूण ४,५००.
२७ ते ३०, सणानंतरच्या ऑर्डरसाठी: रोज २५०, एकूण १,०००.

बेरीज १७,०५०. उरलेले ९५० कुठेच लावले नाहीत. ते ठेवलेच पाहिजेत, कारण रोजचा आकडा सरासरी आहे आणि आठवडा संपताना तो तंतोतंत जुळत नाही.

दर मंगळवारी सकाळी एकच भागाकार

आठवड्यातून एकदा, सकाळी चहाच्या वेळी, Cost हा रकाना या महिन्याच्या तारखांसाठी बघायचा. बेतातला आकडा आणि झालेला खर्च यांतला फरक काढायचा आणि तो येणाऱ्या आठवड्यात वळता करायचा. बस, एवढंच.

८ तारखेच्या मंगळवारी आमचा खर्च होता ३,१५०. बेत २,४५०चा. सातशे जास्त, आणि यात काही बिघडलं नव्हतं. साडेतीनशेच्या बजेटवर एका दिवशी सातशेपर्यंत जायची मुभा आहे आणि शनिवार-रविवारी तेच झालं. "आठवड्याला सातपट" अशी मर्यादा गूगलमध्ये नाही, तिथे महिन्याचाच हिशोब चालतो. त्याच्या दृष्टीने पुढचे तीन आठवडे भरपाईला मोकळे होते. आपण मात्र आठवड्याने आकडा बदलणार, म्हणून ही भरपाई आपल्यालाच करावी लागते. दुसऱ्या आठवड्याच्या ३,५००मधून ७०० वजा केले, २,८०० राहिले, सातने भागून ४००. पाचशेऐवजी चारशे टाकले.

१५ तारखेला एकूण खर्च ५,८००. बेत ५,९५०. दीडशे मागे, म्हणजे जवळजवळ बरोबर. ठरल्याप्रमाणे ८०० केले.

मग १९ तारीख आली. शुक्रवारी गुड फ्रायडे, शनिवार, रविवार, अशी सलग सुट्टी. शनिवारी रात्री भावाचा पुन्हा फोन: "आज पंधराशे चाळीस गेले! बंद करू?" मी म्हटलं, आठशेची दुप्पट सोळाशे, तू त्याच्या आत आहेस. पेट्या किती लागल्या ते सांग. पेट्या चांगल्या लागल्या होत्या. मग बंद कशाला करायची? रविवारीही जास्तच गेले, सोमवारी उतरले. २२ तारखेला सकाळी एकूण ११,७००. बेत ११,५५०. म्हणजे ज्या दिवसाने त्याची झोप उडवली, त्याने आठवडाअखेर फक्त तीनशे इकडचे तिकडे केले: दीडशे मागे होतो, ते दीडशे पुढे गेलो.

त्या रात्री त्याने घाबरून बजेट आठशेवरून तीनशेवर आणलं असतं आणि सकाळी पुन्हा आठशे केलं असतं, तर? एकाच दिवसात आकडा खालीवर केला की त्या दिवशीची मर्यादा त्यातल्या सर्वात मोठ्या आकड्यावरून धरली जाते. म्हणजे रात्री कमी करून त्या दिवसाचं काही वाचत नाही. बदल करायचा तर सकाळी करा, आणि दिवसातून एकदाच.

आकडा बदलला की महिन्याचं झाकण हलतं

ही गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो.

३०.४ पट ही हमी महिनाभर एकच आकडा ठेवला तर. मध्येच बदललात की नवा हिशोब सुरू होतो: आजवर झालेला खर्च, अधिक नवा आकडा गुणिले उरलेले दिवस. २२ तारखेला आम्ही ९०० केले तेव्हा गूगलच्या दृष्टीने एप्रिलची कमाल मर्यादा अशी झाली:

```
11700 + 900 × 9 = 19800
```

आमच्या खिशात तर अठराच हजार. गूगलला काय माहीत, की २७ला आम्ही आकडा खाली आणणार आहोत? आणि त्या पाच दिवसांत रोज दुप्पट गेले असते तर १,८०० पाचदा, म्हणजे नऊ हजार. २६च्या रात्री एकूण २०,७०० व्हायला निघाले असते. त्याआधीच १९,८००ला महिन्याची मर्यादा लागली असती, पण आमचे अठरा हजार तोवर कधीच पार झाले असते. म्हणजे महिन्याच्या शेवटी आकडा चढवला की ते झाकण तुमच्या कामाचं राहत नाही.

म्हणून तेवढे पाच दिवस आम्ही आठवड्याची शिस्त मोडली आणि रोज संध्याकाळी खर्च पाहिला. शिवाय एक आपोआप चालणारा नियम लावून ठेवला: या महिन्याचा खर्च १६,८००च्या वर गेला की कॅम्पेन थांबव. गूगल अॅड्समध्ये अशा नियमांची सोय Rules या नावाखाली आहे. पण तो नियम तुम्ही दिलेल्या वेळीच खर्च तपासतो, सतत पहारा देत नाही. सकाळी सातची वेळ दिली असेल, तर सकाळी आठला ओलांडलेली रेषा त्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसते. म्हणून रेषा खऱ्या मर्यादेपेक्षा एका दिवसाच्या खर्चाइतकी तरी अलीकडे ओढायची.

नियम चालवायची वेळ आली नाही. पाच दिवसांत ४,७८० गेले, एकूण झाले १६,४८०. २७ तारखेला आकडा २५० केला. आता हीच रीत आमच्या बाजूने वळली: उरलेले चार दिवस गुणिले २५०, म्हणजे यापुढे फार तर हजार रुपये जाणार, एखाद्या दिवशी पाचशे गेले तरीही. महिना १७,४१०वर संपला. जीएसटीसह साधारण २०,५४४. ठरवलेल्या २१,२४०च्या आत.

आठवड्यातले चारच दिवस जाहिरात चालवली तर?

हा प्रश्न मला रत्नागिरीच्या एका बागायतदार वहिनींनी विचारला. त्यांना गुरुवार ते रविवारच फोन घ्यायला वेळ असतो, म्हणून बाकीच्या दिवशी जाहिरात बंद. त्यांचं गणित: ६०० रोजचे, एप्रिलमध्ये असे १६ दिवस, म्हणजे ९,६००.

बिल बरंच जास्त आलं. कारण वेळापत्रक लावलं तरी महिन्याची मर्यादा ३०.४ पटच राहते, आणि चालू असलेल्या प्रत्येक दिवशी दुप्पट जायची मुभाही राहते. सोळा दिवस गुणिले बाराशे म्हणजे १९,२००. महिन्याचं झाकण १८,२४०चं. म्हणजे चारच दिवस चालवूनही जवळजवळ पूर्ण महिन्याचे पैसे जाऊ शकतात. दिवस कमी केले म्हणून खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यांना ९,६००च खर्चायचे असतील, तर रोजचा आकडा ९,६०० भागिले ३०.४, म्हणजे ३१५ टाकायचा. मग चालू दिवशी सहाशे-सव्वासहाशे जातील आणि महिन्याला त्याच्यावर जाणार नाहीत.

तासांचंही तसंच. सकाळी आठ ते रात्री नऊ एवढंच चालवलं तर पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच तासांत बसवले जातात. फोन उचलायला कुणी असेल तेव्हाच जाहिरात असावी म्हणून ते जरूर करा, काटकसर म्हणून नको. आणि खातं उघडतानाच वेळेचा पट्टा भारताचा आहे ना हे बघा. तो चुकला तर तुमचा जाहिरातीचा दिवस भलत्याच वेळी सुरू होतो आणि रोजचा कुठलाच आकडा तुमच्या दिवसाशी जुळत नाही.

पैसे आधी भरणं म्हणजे झाकण का?

एका अर्थी होय. खात्यात असतील तेवढेच जाणार, क्वचित थोडे वर गेले तर पुढच्या भरण्यातून वळते होतात. भावाला मी आता महिन्याचे एकदम भरू देत नाही, दर मंगळवारी आठवड्यापुरते भरतो. पण शिल्लक संपली की जाहिरात लगेच थांबते, तुमचा जोराचा दिवस आहे की मंद हे बघत नाही. म्हणून शुक्रवारी रात्री शिल्लक पाहायचीच. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात, आणि शनिवारी सकाळी पैसे भरायला टेकडीवर चढायची वेळ येते.

पैसे नंतर कापले जाणारं खातं असेल, तर बँकेच्या मेसेजवरून खर्च मोजू नका. ठरावीक रक्कम साठली की ते कापतात, त्याचा रोजच्या बजेटशी संबंध नाही. दोन दिवसांत दोनदा पैसे कापले गेले म्हणजे दुप्पट खर्च झाला असं नसतं.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर रीत थोडी वेगळी आहे. तिथेही रोजचा आकडा सरासरीच, एखाद्या दिवशी जास्त जातात, पण हिशोब आठवड्याचा: रविवार ते शनिवार, सातपटीच्या वर नाही. म्हणून तिथे आठवड्याची आखणी जास्त सरळ बसते, फक्त आकडा मंगळवारी न बदलता रविवारी बदला.

Limited by budget दिसलं तर

कॅम्पेनसमोर हे शब्द आले की लोक बजेट वाढवतात. त्याचा अर्थ एवढाच, की पैसे जास्त असते तर जाहिरात आणखी दिसली असती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कॅम्पेनवर ते सतत होतं आणि आम्हाला तेच हवं होतं, कारण विकायला फळच नव्हतं. तिथे शेजारीच बजेट वाढवायची सूचनाही येते. ती सूचना तुमच्या झाडावर किती फळ आहे हे बघून आलेली नसते. तिसऱ्या आठवड्यात, पेट्या तयार पडून आहेत आणि तरी ते शब्द दिसताहेत, तेव्हा मात्र राखून ठेवलेल्या ९५०तून काही काढायला हरकत नाही.

१ मेला हिशोब नव्याने सुरू होतो. एप्रिलचे न खर्चलेले पैसे गूगलच्या मर्यादेत पुढे येत नाहीत. मे ३१ दिवसांचा, तरी झाकण ३०.४चंच, त्यामुळे तिथे रोजच्या आकड्याच्या जेमतेम आतच महिना बसतो. एक काम मात्र मे सुरू होतानाच करून टाका: कॅम्पेनच्या सेटिंगमध्ये End date असते, तिथे तुमच्या बागेतली शेवटची तोड ज्या सुमाराला होते ती तारीख घाला. पहिल्या वर्षी भावाने मेअखेरीस पुन्हा थोडे पैसे भरले होते, आणि ७ जूनला, पाऊस सुरू होऊन आढी रिकामी झाल्यावरही, त्याची जाहिरात पुण्यात दिवसाला दीड-दोनशे रुपये खात बसली होती.